कुलूप लागलंय हे माहीत असूनही जिन्यातून परत का फिरावंसं वाटतं, आणि ते कसं थांबवायचं

गॅस बंद आहे का हे जितक्या जास्त वेळा पाहाल, तितकी तो बंद केल्याची आठवण पुसट होत जाते. हे ऐकायला उलटं वाटतं, कारण खात्री नसेल तर आणखी एकदा बघावं, हेच आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. पण शेगडीपाशी पाच-सहा वेळा जाऊनही ज्यांचं मन भरत नाही, त्यांची अडचण कमी तपासण्याची नसते. पहिल्या तपासणीतून मिळालेली खात्री त्यापुढच्या तपासण्यांनी खाऊन टाकलेली असते. म्हणून 'जरा नीट लक्ष देऊन बघत जा' हा घरोघरी दिला जाणारा सल्ला इथे उलटा पडतो.

आठवण पुसट कशी होते

नेदरलँड्समधले मानसशास्त्रज्ञ व्हान डेन हाउट आणि किंट यांनी २००३ साली याबद्दलचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. तपासण्याचा कसलाही त्रास नसलेल्या सर्वसाधारण लोकांना त्यांनी संगणकाच्या पडद्यावरची गॅसची शेगडी चालू-बंद करायला आणि मग तपासायला लावली. एका गटाने शेगडी वीस वेळा तपासली. दुसऱ्या गटाने मधल्या काळात शेगडीऐवजी दिवे तपासले आणि शेवटी फक्त एकदा शेगडी पाहिली. नंतर दोघांनाही विचारलं, की शेवटच्या तपासणीत कोणते बर्नर पाहिले होते?

उत्तरं दोन्ही गटांची सारखीच बरोबर आली. म्हणजे वीस वेळा तपासून स्मरणशक्ती बिघडली नव्हती. पण वीस वेळा शेगडी पाहिलेल्यांना ती शेवटची तपासणी डोळ्यांसमोर स्पष्ट येत नव्हती, तिचे बारकावे आठवत नव्हते आणि आपल्याच उत्तरावर त्यांचा भरवसा नव्हता. पुढे कॅनडात खऱ्या स्वयंपाकघरातल्या खऱ्या शेगडीवर असाच प्रयोग झाला आणि तिथेही भरवसा असाच खाली आला. त्याच मालिकेतल्या एका अभ्यासात असं दिसलं, की ही घसरण सुरू व्हायला वीस वेळाही लागत नाहीत. दोन ते दहा तपासण्यांच्या दरम्यानच ती सुरू होते.

याचं कारण रोजच्या अनुभवातून समजण्यासारखं आहे. पहिल्यांदा नॉब फिरवता तेव्हा मन त्याचा थंडपणा, खटका, तिरपी खूण टिपून घेतं. तिसऱ्या-चौथ्या वेळी तेच ओळखीचं झालेलं असतं, म्हणून मन बारकावे टिपणं सोडून देतं आणि 'नॉब, बंद' एवढीच नोंद करतं. शिवाय एकसारख्या सात आठवणी एकीवर एक साचतात. मघाशी पाहिलं ते आजचं की कालचं, पहिलं की पाचवं, हे वेगळं काढता येत नाही.

मराठीत आपण 'आठवतंय' आणि 'माहीत आहे' हे दोन शब्द वेगळे वापरतो. नेमका तोच फरक इथे आहे. वारंवार तपासणाऱ्याला गॅस बंद असल्याचं माहीत असतं, पण बंद केल्याचं *आठवत* नाही. तो मात्र पुरावा म्हणून आठवणीतलं स्वच्छ चित्रच मागत राहतो. ते चित्र मिळावं म्हणून परत जातो, आणि परत गेल्यामुळेच चित्र आणखी धूसर होतं.

काही जण नॉबकडे एकटक बघत उभे राहतात. त्यानेही हेच होतं. एखादा शब्द पन्नास वेळा म्हटला की तो अर्थहीन वाटू लागतो. तसंच एखाद्या वस्तूकडे फार वेळ टक लावून पाहिलं की ती परकी, खोटी वाटू लागते. 'दिसतंय बंद, पण खरंच बंद आहे का?' असं वाटतं ते त्यामुळे.

यातला दुसरा धागा जबाबदारीचा. ज्या दिवशी घरातून शेवटी दुसरं कुणी बाहेर पडतं, त्या दिवशी हीच माणसं निवांत असतात. शेगडी तीच, कुलूप तेच. लोपाट्का आणि रॅकमन यांनी १९९५ साली हे तपासून पाहिलं होतं. काही झालं तर जबाबदारी आमची, असं सांगितल्यावर तपासण्याची ओढ स्पष्टपणे कमी झाली. म्हणजे ओढ धोक्याच्या आकाराइतकी नसते. 'माझ्यामुळे झालं तर?' या वाक्याच्या वजनाइतकी असते. पहिलं मूल झाल्यावर, नवीन घर घेतल्यावर किंवा आईवडील आपल्यावर अवलंबून झाल्यावर हा त्रास वाढलेला दिसतो तो यामुळेच.

आधी एक गोष्ट वेगळी काढा

पुढची पद्धत सगळ्यांसाठी नाही. मागच्या सहा महिन्यांत तपासायला गेल्यावर गॅस खरोखर चालू किंवा दार खरोखर उघडं किती वेळा सापडलं, हे आधी स्वतःला विचारा आणि घरच्यांनाही विचारा. उत्तर 'एकदाही नाही' किंवा 'बहुतेक एकदा' असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

पण दूध उतू जाऊन बर्नर विझलेला आणि गॅस चालूच राहिलेला सापडतो, किल्ली दारालाच लटकलेली राहते, असं महिन्यातून दोन-तीनदा होत असेल, तर ती विसरण्याची किंवा लक्ष विचलित होण्याची अडचण आहे. साठी ओलांडलेल्या माणसात हे नव्याने सुरू झालं असेल तर तपासण्या कमी करायला सांगू नका, डॉक्टरांना दाखवा. तोवर ज्योत विझली की गॅस आपोआप बंद करणारी शेगडी घ्या. दोन्हींत फरक करायची सोपी खूण अशी, की विसरणाऱ्याला शंका येत नाही आणि गॅस चालू राहतो. वारंवार तपासणाऱ्याला शंका येते आणि गॅस बंदच असतो.

घर एकदाच, नीट, सुरक्षित करा

शंकेच्या पोटात एक खरा प्रश्न असतो. तो एकदा सोडवून टाकला की पुढे शंका आली तरी तिला नवीन काही सांगण्यासारखं उरत नाही. एक दिवस ठरवा आणि त्या दिवशीच हे करा. सिलिंडर ते शेगडी ही सुरक्षा नळी बघा. तिच्यावर आयएसआयची खूण आणि मुदत छापलेली असते, मुदत संपली असेल तर एजन्सीकडून बदलून घ्या. नळीच्या दोन्ही टोकांना साबणाचं पाणी लावा. फुगे आले तर गळती आहे. काडी पेटवून कधीही बघू नका. नॉब ढिला झाला असेल, किंवा बंद केल्यावर नेमका कुठे थांबतो ते कळत नसेल, तर मेकॅनिक बोलवा. दाराचं कुलूप अडखळत असेल तर तेही बदला. अडखळणारं कुलूप हे शंकेचं हक्काचं खाद्य आहे.

आणि एक नियम कायमचा: खरी गळती वासाने कळते. घरगुती गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचं उग्र वासाचं रसायन मुद्दाम मिसळलेलं असतं. तसा वास आला तर पुढचं काहीही आठवत बसू नका. दिव्याचं बटण दाबू नका, चालू असलेला दिवा बंदही करू नका. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर या आणि १९०६ या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. नाकाने सांगितलं तर धावायचं, डोक्याने सांगितलं तर थांबायचं, अशी ही विभागणी आहे. मात्र 'वास येतोय का' म्हणून शेगडीवर वाकून हुंगत राहणं ही विभागणी नव्हे, तीही तपासणीच.

सात दिवसांची वही

पहिले सात दिवस काहीही बदलायचं नाही, फक्त लिहायचं. प्रत्येक खेपेला पाच गोष्टी: वेळ, काय तपासलं, किती वेळा, त्यात किती मिनिटं गेली आणि काय सापडलं. शेवटचा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा, पण लोक तोच गाळतात. त्यात 'बंद होता' किंवा 'चालू होता' एवढंच लिहायचं. सोबत शंकेला शंभरपैकी गुण द्या. शून्य म्हणजे मनात काही नाही, शंभर म्हणजे परत गेल्याशिवाय पाऊल उचलत नाही.

आठवड्याअखेरीस घर, शाळा, ऑफिस, प्रवास असे प्रसंग गुणांच्या चढत्या क्रमाने मांडा. ही तुमची शिडी. साधारण चाळीस गुणांच्या आसपासच्या पायरीने सुरुवात करा. वीसने केली तर शिकायला काही मिळत नाही, नव्वदने केली तर पहिल्याच दिवशी परत फिराल.

एक तपासणी म्हणजे नेमकं काय

'एकदाच तपासायचं' असं ठरवून बहुतेकांचं फसतं ते 'एकदा' म्हणजे काय हे न ठरवल्यामुळे. नॉबला हात लावला, मग नजर टाकली, मग दारातून वळून पाहिलं. ही एक तपासणी की तीन? म्हणून सुरुवात आणि शेवट दोन्ही ठरवून ठेवा.

शेगडीसाठी: स्वयंपाकघरातलं शेवटचं काम झालं की नॉब थांबेपर्यंत बंद करा. बाहेरगावी जाताना आणि रात्री झोपताना रेग्युलेटरही बंद करा. सगळ्या नॉबवरून डावीकडून उजवीकडे एक नजर फिरवा. पाठ वळली की तपासणी संपली. सगळं मिळून दहा सेकंदांचं काम आहे. कुलुपासाठी: किल्ली फिरवा, बाहेर काढा, कडी किंवा हँडल एकदाच ओढा, किल्ली खिशात टाका. किल्ली खिशात गेली की संपलं.

ही एक तपासणी मात्र मनापासून करा. त्या दहा सेकंदांत फोन कानाला नको, मुलाच्या डब्याचं बोलणं नको. पहिल्या खेपेचीच आठवण सगळ्यांत ताजी आणि खरी असते, तेव्हा ती चांगली बनू द्या. 'बंद' असं मोठ्याने म्हणावं का, असं पुष्कळ जण विचारतात. रेल्वेचे लोको पायलट आणि त्यांचे सहायक सिग्नल पुकारतात, त्याचा उपयोग होतो, कारण प्रत्येक सिग्नलसाठी ते एकदाच असतं. ज्याला हा त्रास आहे, त्याच्याकडे मात्र ते 'बंद, बंद, बंद' तीनदा म्हणण्यावर जातं आणि मग तिसरं नीट म्हटलं गेलं नाही म्हणून पुन्हा पहिल्यापासून. म्हणून न म्हटलेलं बरं.

त्यानंतरची वेळ काढायची कशी

पाठ वळल्यावर शंका येणार. ती येऊ नये म्हणून काही करायचं नाही. ती असतानाच पुढचं काम करायचं. लंडनमधले मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मायर यांनी १९६६ साली सुरू केलेल्या उपचारपद्धतीचा गाभा हाच आहे: ज्याची भीती वाटते त्या प्रसंगात जायचं आणि नेहमीची कृती करायची नाही. त्यानंतर दहा वर्षांनी रॅकमन, डी सिल्वा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासण्याची ओढ न पुरवता तशीच राहू दिली, तर तिचं काय होतं हे मोजून पाहिलं. तुम्ही काही केलं नाही तरी ती आपोआप उतरते. बहुतेकांची बरीचशी पहिल्या तासाभरातच उतरली.

हे स्वतःवर मोजून बघा. निघाल्यापासून शून्य, पंधरा, तीस आणि साठ मिनिटांनी शंकेचे गुण लिहा. पहिल्या दिवशी उतार हळू असतो. एक पायरी चार-पाच दिवस लागोपाठ केली की सुरुवातीचाच आकडा खाली येतो. निघतानाचा आकडा पहिल्या दिवसाच्या निम्म्यावर आला की पुढच्या पायरीवर जा.

शंका मनात बोलू लागली की तिच्याशी वाद घालू नका. 'बंद केलाय, मी स्वतः पाहिलाय' असं उत्तर दिलं की ती म्हणते, 'नक्की?' त्यापेक्षा एवढंच म्हणा: 'असेल चालू, नसेल चालू. मी एकदा पाहिलंय, आता जाणार आहे.' हे वाक्य अंगावर काटा आणतं, हे खरं आहे. पण शंभर टक्के खात्री हवी या हट्टावरच तर ही सगळी इमारत उभी असते, आणि हे वाक्य नेमका तोच हट्ट सोडतं.

एक उदाहरण, आकड्यांसकट

हे उदाहरण पद्धत दाखवण्यासाठी रचलेलं आहे. समजा, डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या आणि दादरच्या शाळेत शिकवणाऱ्या एक बाई आहेत. यजमान लवकर निघतात, म्हणून घराला कुलूप लावणं रोज त्यांच्याकडे. पहिल्या आठवड्यात सोमवार ते शनिवार त्यांच्या वहीत निघतानाच्या गॅस-तपासण्या ७, ६, ९, ५, ८, ७ अशा आल्या, एकूण ४२. कुलुपाच्या २४. दोन्ही मिळून ६६ वेळा पाहिलं आणि शेवटच्या रकान्यात ६६ वेळा 'बंद' लिहिलं गेलं. सकाळी सरासरी १४ मिनिटं आणि रात्री गॅसपायी ११ मिनिटं गेली. आठवड्यात दोनदा गाडी चुकली.

शिडी अशी झाली: घरात सगळे असताना रात्री गॅस ४५, सकाळी निघताना कुलूप ७०, सकाळी निघताना गॅस ८५, चार दिवस गावाला जाताना दोन्ही ९५.

दुसऱ्या आठवड्यात फक्त रात्रीचा गॅस घेतला. एक नजर, मग अंथरुणावर. पहिल्या रात्री गुण ५५, अर्ध्या तासाने ३५, मग झोप लागली. सहाव्या रात्री सुरुवातच २५ला. सकाळच्या तपासण्या या आठवड्यात जशा होत्या तशाच ठेवल्या. हे महत्त्वाचं आहे. सगळं एकदम बंद करायला गेलं की एकाही ठिकाणी उतार पूर्ण होत नाही.

तिसऱ्या आठवड्यात कुलूप. ते अपेक्षेपेक्षा सोपं गेलं, कारण किल्ली खिशात टाकणं हा शेवट ठळक होता. चौथ्या आठवड्यात निघतानाचा गॅस. सोमवारी जिन्यात ८५, फलाटावर ८०, ठाण्याला ६०, दादरला उतरताना ३०. शाळेत पहिला तास संपेपर्यंत त्या विसरल्या होत्या. मंगळवारी आणि बुधवारी थोडं कमी. गुरुवारी मात्र राहवलं नाही. गाडीतून त्यांनी शेजारच्या काकूंना फोन लावला.

"काकू, जरा माझ्या घरात डोकावता का? तुमच्याकडे किल्ली आहे ना. गॅस चालू राहिला की काय, असं वाटतंय."

"अगं बंद आहे गं, बघून आले. निघ तू बिनघोर."

गुण ७०वरून एका मिनिटात १०वर आले. आणि शुक्रवारी जिन्यात सरळ ९०. ही चढ-उताराची नोंद वहीत असल्यामुळे त्यांना दिसलं, की फोनने सुटका झाली नव्हती, उधारी झाली होती. शुक्रवारी फोन केला नाही. दादरला ४५ होते. पुढच्या आठवड्यातही हीच पायरी ठेवली आणि त्या शनिवारी जिन्यातला आकडा ४० झाला. तिथे पुढची पायरी आली, गणपतीला गावी जाणं.

चोरवाटा

वरच्या फोनसारख्या वाटा पुष्कळ असतात आणि त्यांच्यामुळे 'मी एकदाच तपासतो, तरी कमी होत नाही' अशी तक्रार होते. सगळ्यांत लपलेली वाट मनातल्या मनात चित्रपट मागे फिरवण्याची: आधी पोळ्या झाल्या, मग तवा उतरवला, मग नॉब… इथे पाय जागचे हललेले नसतात, पण ती पूर्ण तपासणी असते आणि आठवण तितकीच धूसर करते. दुसरी, नॉबचा आणि कुलुपाचा फोटो काढून ठेवण्याची. पहिले चार दिवस ती फार छान चालते. मग 'हा फोटो आजचाच ना?' सुरू होतं, मग फोटोनंतर नॉबला हात लागला असेल अशी शंका येते, मग व्हिडिओ. घरातला कॅमेरा फोनवर बघत राहणंही तसंच. तिसरी, जबाबदारी वाटण्याची: निघताना मुद्दाम 'चला, गॅस बंद केला हं' असं सगळ्यांना ऐकवणं. चौथी, रोज बाहेरच जेवण किंवा चहा घेऊन शेगडी पेटवणंच टाळण्याची.

एखादी कृती चोरवाट आहे की साधी गोष्ट, हे ओळखायला आकडा बघा. कृतीनंतर शंका मिनिटभरात धपकन खाली आली आणि दुसऱ्या दिवशी वरून सुरू झाली, तर ती चोरवाट. आपोआप उतरणारी शंका उताराच्या रस्त्यासारखी हळूहळू उतरते आणि दुसऱ्या दिवशी थोडी खालून सुरू होते.

चोरवाटही एकदम तोडता आली नाही तर लांबवा. फोन करायचाच असेल तर दहा मिनिटांनी, दुसऱ्या दिवशी वीस मिनिटांनी. वीस मिनिटांनंतर तो करावासा वाटला नाही, तर तेवढं शिकणं झालंच.

घरच्यांनी काय म्हणायचं

घरचे लोक प्रेमापोटी उत्तर देतात आणि त्याचीच सवय होते. 'अहो, गॅस बंद आहे ना?' 'आहे गं.' 'नक्की ना?' 'हो, नक्की.' असं रोज वीसदा झालं की तपासणारे दोन होतात. पण एके दिवशी चिडून उत्तर देणं बंद करणंही बरोबर नाही. त्याने भांडण होतं आणि तपासणं लपून सुरू होतं. त्रास असलेल्या माणसाबरोबर बसून, शांत वेळी, एक वाक्य ठरवून घ्या. उदाहरणार्थ:

"अहो, गॅस बंद आहे ना?"

"आपलं ठरलंय ना, यावर मी उत्तर देणार नाही. फार जड जातंय का? चल, सोबत खाली उतरू."

यात 'बंद आहे' नाही आणि 'चालू आहे' नाही. माणसाला आधार आहे, शंकेला उत्तर नाही. ठरवताना त्या व्यक्तीची संमती हवीच. सासूबाईंनी किंवा नवऱ्याने परस्पर ठरवून टाकलं तर ती शिक्षा वाटते. 'वेडेपणा पुरे' असं म्हणण्याचाही काही उपयोग नाही, कारण शंका निराधार आहे हे त्या व्यक्तीला बहुतेक वेळा तुमच्याआधी कळलेलं असतं.

एकट्याने कधी करू नये

सगळं तपासणं मिळून दिवसाला एक तासाच्या वर जात असेल, नोकरी किंवा शाळा बुडत असेल, घराबाहेर पडणंच टाळलं जात असेल, किंवा जोडीला सतत उदास वाटत असेल, तर हा मंत्रचळ, म्हणजेच ओसीडी असू शकतो आणि त्यासाठी मनोविकारतज्ज्ञांकडे जावं. जगायला नको असे विचार येत असतील तर एक दिवसही थांबू नये. दवाखान्यात ० ते ४० गुणांची येल-ब्राउन ही मोजपट्टी वापरतात. ८ ते १५ सौम्य, १६ ते २३ मध्यम आणि त्यापुढे तीव्र धरतात. उपचारात वर सांगितलेलीच पद्धत असते, तिला ईआरपी म्हणतात, पण प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ सोबत बसून शिडी लावून देतात, चोरवाटा पकडतात आणि साधारण बारा ते वीस बैठका घेतात. भेट ठरवताना 'ओसीडीसाठी ईआरपी करता का?' असं सरळ विचारा. नुसत्या गप्पांच्या समुपदेशनाने आणि 'काळजी करू नका' म्हटल्याने इथे फारसं होत नाही.

मेंदूतल्या सेरोटोनिनवर काम करणारी फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, फ्लुव्हॉक्सामिन अशी औषधंही देतात. त्यांचा डोस उदासीसाठी देतात त्यापेक्षा बहुधा जास्त लागतो आणि परिणाम नीट कळायला आठ ते बारा आठवडे जातात. तिसऱ्या आठवड्यात 'काही फरक नाही' म्हणून गोळ्या सोडणाऱ्यांचं नुकसान होतं, आणि बरं वाटल्यावर परस्पर एकदम थांबवणाऱ्यांचंही. जवळ तज्ज्ञ नसेल तर सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र विनामूल्य आहे आणि तिथे मराठीतून बोलता येतं.

परत फिरलात तर

परीक्षा, आजारपण, घरातलं लग्न, अपुरी झोप अशा दिवसांत एखाद्या वेळी पाय मागे वळेलच. वर गेलात, कुलूप पाहिलं, लागलेलं होतं. तेव्हा त्याच खेपेला जिन्यातून पुन्हा खाली उतरा आणि वहीत '२' लिहा. दुसऱ्या दिवशी आकडा पुन्हा एक. चुकलं म्हणून भरपाईला शून्य तपासण्या करायच्या नाहीत, आणि 'आजचा दिवस गेलाच' म्हणून सातही करायच्या नाहीत. गावाला जाण्याआधी मात्र चार दिवस आधीपासून वही पुन्हा काढा. रेग्युलेटर बंद, एक नजर, किल्ली पर्समध्ये आणि रिक्षा थांबलेली असेल तिकडे चालू लागा. पहिल्या टोलनाक्यापर्यंतचे गुण लिहून ठेवा, पुढच्या वर्षी तुलनेला लागतील.